बाणावरचं अक्षर

वाशीच्या ज्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते, तिथली ही गोष्ट. आठवली की अजून डोकं तापतं.

उलव्याहून येणारी माझी एक विद्यार्थिनी शेवटच्या सत्रात दोन गुणांनी नापास झाली. महापेच्या एका कंपनीत तिची नोकरी ठरलेली, अट एकच, पदवी. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन ती माझ्यापुढे उभी राहिली.

प्रश्न साधा होता. नमुना वाढवत नेला की त्याची सरासरी खऱ्या सरासरीपाशी येऊन ठेपते. हे संभाव्यतेतलं अभिसरण. अभिसरण बाणाने दाखवतात आणि त्याचा प्रकार बाणावरच्या अक्षराने, म्हणून इथे बाणावर P, प्रोबॅबिलिटीचा. पण दोन्हींतल्या फरकाला नमुनासंख्येच्या वर्गमुळाने गुणलं, की तो आकडा कुठेच ठेपत नाही. ठेपतो तो फक्त त्याच्या विखुरण्याचा आकार, घंटेसारखा. हे वितरणातलं अभिसरण, म्हणून बाणावर d, डिस्ट्रिब्यूशनचा. तिने दोन्ही बरोबर लिहिलं होतं. दुसऱ्या बाणावरचा d लाल पेनाने खोडून वर P केला होता, गुण शून्य.

पेपर काढणारे आणि तपासणारे आमचे विभागप्रमुखच. मी झेरॉक्स घेऊन तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"अहो मॅडम, टेन्शन कशाला घेता? P काय, d काय, बाण तर तोच आहे ना!"

"तोच नाही, सर. नाणं उडवत राहा. टॉस चौपट केले की त्या गुणलेल्या आकड्यात जुन्याचा निम्माच वाटा उरतो, बाकी सगळं नव्या टॉसवर. मग तो एका जागी बसणार कसा? आकार तेवढा तोच राहतो."

त्यांना कळलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मग चष्मा पुसत म्हणाले, "आदर्श उत्तर सही होऊन गेलंय. आता बदललं तर सगळे पेपर पुन्हा तपासावे लागतील. आणि एका मुलीने विभागाचा सरासरी निकाल काही हलत नाही."

"सरासरीत ती दिसायचीच नाही, सर! म्हणून तर मी तिचा पेपर घेऊन आलेय," मी ओरडले. बाहेरचा शिपाई आत डोकावला. प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. त्यांनी ती अभिप्रायासाठी पाठवली, कोणाकडे, तर विभागप्रमुखांकडेच. तिची महापेची नोकरी गेली.

पुढच्या परीक्षेत तोच प्रश्न आला. निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आली. पास झाली होती. मी विचारलं, "बाणावर काय लिहिलंस?"

"दोन्हीकडे P, मॅडम," ती म्हणाली. "बरोबर d हाय, ते माहितीये मला. पण पास व्हायचं होतं."

पेढा माझ्या हातात तसाच राहिला. मला तिच्यावर रागावताही येईना.