एक पाऊल सरळ मागे

कुणी विचारलं, तुमचा धंदा कसला, तर किल्लीवाला सांगायचा, "लोकांच्या विसरभोळेपणाचा." कोर्टाशेजारच्या इमारतीत जिन्याखाली त्याची जागा होती. एक मशीन, एक दिवा आणि खिळ्यांना टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. वर जिना असल्यामुळे तिथे ताठ उभं राहता यायचं नाही. पंचवीस वर्षं मान वाकवून काढली त्याने, आणि पितळेचा भुगा नाकातोंडात जाऊन खोकला कायमचा मुक्कामाला आला तो आलाच.

माणूस कामाला पक्का, पण स्वभावाने महाशंकेखोर. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार. बायकोने लावलेलं असेल तर चारदा. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं तिने विचारलं की म्हणायचा, "तुझ्यावर आहे गं, कुलपावर नाही." ती त्याला ओळखून होती.

बुद्धिबळ त्याला शिकवलं कोर्टातल्या एका कारकुनाने. किल्ली घासून होईपर्यंत बसून काय करायचं, म्हणून तो खिशातला छोटा पट काढायचा. किल्लीवाल्याला खेळाची जी गोडी लागली ती सुटली नाही. स्वतः तो फार मोठा खेळाडू झाला नाही, पण त्याने मुलीला घडवलं. मुलगी लहानपणी सोंगट्या एकामागे एक ओळीने लावत बसायची, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. आता ती सत्तावीस वर्षांची होती, तरी नाव मुंगीच.

तिला त्याने सगळ्यात आधी शिकवलं ते शेवटचं. पटावर दोन राजे आणि एकच प्यादं उरलं की काय करायचं, हे. सुरुवात काय, कुणीही पाठ करतो, त्याचं म्हणणं. स्वयंपाकघरातल्या फरशांचा त्याने पट केला होता. तो प्यादं घेऊन चाल करून येणारा राजा, मुंगी अडवणारा राजा. प्यादं म्हणजे पिठाचा डबा.

"दोन राजे समोरासमोर, मध्ये एकच घर रिकामं. आता ज्याची पाळी, तो अडकला," तो सांगायचा. "कारण राजा राजाला भिडू शकत नाही, आणि चाल तर करावीच लागते. म्हणजे ज्याची पाळी त्याने बाजूला व्हायचं, आणि दुसऱ्याने घुसायचं. याला म्हणतात ऑपोझिशन. आपली पाळी नसताना समोर उभं राहायला मिळालं, तर आपण राजे. नाहीतर आपण पाहुणे."

"दोन राजे खेळताहेत, आणि भांडी मात्र राणीने घासायची," मुंगीची आई ओट्यापाशी पुटपुटायची.

तो डबा पुढे सरकवायचा, आणि मुंगी एक पाऊल मागे घ्यायची. तिरकं गेली की तो ओरडायचा, "सरळ मागे! सरळ मागे जा, मग तो ज्या बाजूने येईल त्याच्या समोर उभी राहा!" हजार वेळा झालं असेल हे. ती मागे जाताना त्याचेही पाय आपोआप मागे सरकायचे, इतकं ते दोघांच्या अंगात मुरलं होतं.

आता घोडामैदान समोर होतं. खेळाडूंसाठी राखून ठेवलेली सरकारी नोकरी होती, टेबल-खुर्चीची, उजेडातली. शहरात चालू असलेल्या बुद्धिबळ स्पर्धेत पहिल्या तिघांत येणाऱ्याला तिच्यासाठी अर्ज करता येणार होता. वयाची अट सत्तावीस. पुढच्या वर्षी मुंगी अठ्ठावीसची होणार, म्हणजे ही शेवटची संधी. नाहीतर जिन्याखालची जागा होतीच. दोन वर्षांपासून ती तिथे त्याच्या शेजारी उभी राहून किल्ल्या घासत होती. मागच्या महिन्यात त्याने तिला खोकताना ऐकलं, आणि त्या दिवसापासून त्याची जेवणावरची वासना उडाली.

शेवटची फेरी. बाकीचे सगळे डाव संपलेले. हिशेब स्पष्ट होता. मुंगीने डाव बरोबरीत सोडवला की तिसरा नंबर. हरली की पाचवा.

समोर बँकेत नोकरी करणारा, केस पिकलेला, सभ्य गृहस्थ होता. त्याच्याकडे एक प्यादं जास्त होतं. दोघांकडे एकेक हत्ती उरला होता आणि मुंगीने, स्वतः होऊन, हत्तीला हत्ती भिडवला. दोन्ही हत्ती पटावरून गेले.

दोरीपलीकडे प्रेक्षकांत उभा असलेला किल्लीवाला मनातल्या मनात ओरडला. अगं, हत्ती होता तोवर धडपडायला जागा होती! हत्ती काढून टाकलास? आता चूक म्हणून करायची सोय राहिली नाही. घाबरली पोरगी, त्याला वाटलं. घाबरून सोपं करायला गेली. ओठ आपोआप हलायला लागले, आणि ते त्याने दाताखाली धरले. सकाळीच पंचबाईंनी त्याला बाजूला घेऊन समज दिली होती. "काका, तुमचे ओठ हलतात. खेळाडूला बाहेरून सूचना मिळाली तर मला तिचा डाव हरलेला धरावा लागेल. ही पहिली आणि शेवटची वेळ." पंचबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्या दुसऱ्यांदा सांगत नसत.

दहाएक चाली झाल्या. बँकवाल्याचं प्यादं सहाव्या ओळीत पोचलं, वजीर व्हायला दोनच घरं बाकी. प्याद्याच्या लगेच मागे त्याचा राजा. प्याद्याच्या लगेच पुढे, वाट अडवून, मुंगीचा राजा. आणि पाळी मुंगीची.

इथे तिच्या राजाला तीनच घरं होती. मागे डावीकडे, मागे उजवीकडे आणि सरळ मागे. तिरकं गेलं, कुठल्याही बाजूला, की समोरचा राजा त्याच बाजूने पुढे येऊन ऐन तोंडासमोर उभा राहणार, पाळी पुन्हा मुंगीची, तिने सरकायचं, प्याद्याने पुढे यायचं, खेळ खलास. सरळ मागे गेलं, तर मात्र तो ज्या बाजूने पुढे येईल त्या बाजूला आपण त्याच्यासमोर जायचं. मग पाळी त्याची. तो प्यादं ढकलेल, आपण पुन्हा प्याद्यासमोर, आणि आता एक तर त्याने प्यादं सोडायचं, नाहीतर आपल्याला चालच उरत नाही. शह नाही आणि चालही नाही, म्हणजे बरोबरी. तीन घरांतल्या दोन घरांत जिन्याखालचा अंधार होता.

घड्याळात तिची तीन मिनिटं उरली होती. ती पटाकडे बघत बसली. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. किल्लीवाल्याचा जीव टांगणीला. का थांबलीस? काय बघतेस? हजार वेळा केलंय ना आपण! विसरली. देवा, विसरली ही.

मुंगीने हात उचलला. हात पटावरून पुढे आला, राजाच्या दिशेने, आणि मग उजवीकडे वळला. उजवीकडे!

किल्लीवाल्याने ओरडायला तोंड उघडलं नाही. तेवढं भान त्याला होतं. पण पायांना कुठलं भान? त्याचा उजवा पाय एक पाऊल सरळ मागे गेला, स्वयंपाकघरात जायचा तसा. मागे लोखंडी खुर्ची होती. ती दाणकन पडली.

सगळं सभागृह वळलं. मुंगीनेही वर पाहिलं. बाप दोरीपलीकडे एक पाय मागे टाकून, डोळे तिच्यावर रोखून उभा. तिचा हात पटाच्या उजव्या बाजूला ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीवर होता.

तिला तहान लागली होती.

पंचबाई आल्या. त्यांनी घड्याळ थांबवलं. आधी त्याच्या पायाकडे पाहिलं, मग पटाकडे, मग राजाच्या मागच्या त्या रिकाम्या घराकडे. त्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"काका, हे काय होतं?"

"तोल गेला," किल्लीवाला म्हणाला. आयुष्यात इतकं केविलवाणं खोटं तो बोलला नव्हता.

पंचबाई मुंगीकडे वळल्या. "तू काय पाहिलंस?"

मुंगीने बाटलीवरचा हात काढला. "बाबा मागे गेले."

"बाई, शिक्षा मला करा," किल्लीवाला दोरीवरून अर्धा आत वाकला. "मला बाहेर काढा, कायमचं काढा, पुन्हा पाऊल ठेवणार नाही. तिने काही केलेलं नाही! पोरीच्या हातातोंडाशी आलेला घास आहे, बाई. पाया पडतो तुमच्या."

"माझी बरोबरीला हरकत नाही," बँकवाला हळूच म्हणाला. "ती चाल सापडलीच असती त्यांना."

"असेलही," पंचबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जड झाला होता, पण डळमळला नाही. "पण सापडली असती की दाखवली गेली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. सकाळी मी समज दिली होती." मग त्या बँकवाल्याकडे वळल्या. "डाव तुमचा." त्यांनी कागदावर निकाल लिहिला आणि सहीसाठी मुंगीपुढे ठेवला. मुंगीने सही केली. भांडली नाही, रडली नाही. ती भांडली असती तर बापाला बरं वाटलं असतं.

सही झाल्यावर डाव पुन्हा मांडून बघायचा, ही खेळाडूंची जुनी सवय. बँकवाल्याने विचारलं, "काय करणार होतात?" मुंगीने राजा उचलला आणि सरळ मागे ठेवला. त्याने डावीकडून राजा पुढे आणला, तिने समोर राजा नेला. त्याने प्यादं ढकलून शह दिला, तिने राजा प्याद्यासमोर आणला. तो जवळ आला, आणि तिला चाल उरली नाही. अर्धं मिनिटही लागलं नाही. सगळ्यावर कडी म्हणजे मध्ये ती बाटली उघडून पाणीही प्यायली.

"हत्ती तुम्ही हे बघूनच काढलात," बँकवाला म्हणाला.

"हो. इथपर्यंत मोजलं होतं. शेवटी फक्त खात्री करून घेत होते."

किल्लीवाला हे ऐकत होता. कान मिटता येत नाहीत म्हणून ऐकत होता.

बाहेरच्या व्हरांड्यात ती आली तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता. शरमेने त्याला तिच्याकडे बघवेना. तिने पिशवी खांद्यावर घेतली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, तुम्हाला खरंच वाटलं मला येत नाही?"

"नाही गं! तसं नाही. तू सगळ्यांपेक्षा... तुला येतं, मला माहीत आहे." त्याने भिंतीला टेकलेली पाठ काढली. "मला भीती वाटली गं, मुंगे. बस, एवढंच."

"तेच ते, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज वाढलाही नाही. "मला नव्हती वाटत."

त्याने तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने पिशवी दिली नाही. ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागली, आणि तो चार पावलं अंतर ठेवून तिच्या मागून चालू लागला.