बारा अधिक दोनशे

समुद्र मी आयुष्यात मोजून चार वेळा पाहिला होता, आणि चारही वेळा चप्पल हातात घेऊन. तरीही बेचाळिसाव्या वर्षी, खालापूरकडच्या एका छोट्या विधी महाविद्यालयात, मला एका काल्पनिक देशाच्या समुद्राचं वकीलपत्र घ्यावं लागलं. शेवटच्या वर्षाला अभिरूप न्यायालय नावाचा प्रकार असतो. खोटा खटला, खोटे पक्षकार, पण गुण मात्र खरे. जो उभा राहून युक्तिवाद करणार नाही त्याचा पेपर राहतो आणि सनद लांबते.

मला याची काळजी नव्हती. मी बोलण्यात कधी कमी पडलेले नाही. घरचे म्हणतात की कुकरची शिट्टीसुद्धा माझं वाक्य संपायची वाट पाहते. काळजी होती माझ्या जोडीदारिणीची. पेज नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकरांच्या वाडीवरची ती मुलगी, वय तेवीस. वाडीच्या वनहक्काच्या दाव्यांची कागदपत्रं तीच सांभाळायची आणि पुढे ते दावे तिलाच लढायचे होते. लिहिणं नेटकं. पण आदल्या वर्षी याच पेपरला ती उभी राहिली, समोरच्या टेबलाकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता खाली बसली. या वेळी पुन्हा तसंच झालं असतं तर तिचं आणखी एक वर्ष गेलं असतं, आणि घरचे म्हणाले होते की आता बास, अंगणवाडीतली जागा निघालीय ती धर.

म्हणून मी ठरवलं की हिला सांभाळून न्यायचं. सांभाळून न्यायचं म्हणजे सगळं मीच करायचं, असा माझा त्या वेळचा समज होता.

खटला असा होता. एका देशाच्या तटरक्षकांनी परदेशी मासेमारी जहाज पकडलं. त्याच्या जाळ्यात मासे, परवाना नाही. जहाज किनाऱ्यापासून दोनशे पाच सागरी मैलांवर होतं. आम्ही किनाऱ्याच्या देशाकडून. म्हणजे पकडणं कायदेशीर होतं हे आम्ही सिद्ध करायचं.

सरांनी वर्गात शिकवलं होतं ते मी तिला ओट्यावर भाजी निवडल्यासारखं निवडून सांगितलं. किनाऱ्यालगतचे बारा सागरी मैल म्हणजे प्रादेशिक समुद्र. तो जवळजवळ आपल्या अंगणासारखा. सत्ता आपली, फक्त परक्या जहाजांना कुणाला त्रास न देता तिथून निघून जायची मुभा. त्याच्या पुढचं दोनशेचं पाणी म्हणजे अनन्य आर्थिक क्षेत्र. तिथे आपण मालक नाही, पण तिथल्या माशांवर, तेलावर, तळाच्या खनिजांवर हक्क आपलाच. रानातल्या आंब्यावर आपला हक्क असावा पण झाडाखालून जाणाऱ्याला अडवता येऊ नये, तसं. कुणाचंही जहाज तिथून जाऊ शकतं, वरून विमान जाऊ शकतं. मात्र आपल्या परवानगीशिवाय जाळं टाकलं तर चढून तपासणी करता येते, अटकही करता येते.

"मग सोपं हाय," मी फळ्यावर लिहिल्यासारखं हवेत बोट फिरवत म्हणाले. "बारा अधिक दोनशे, दोनशे बारा. जहाज दोनशे पाचवर. सात मैल आत. जिंकलो."

ती वहीत बघत राहिली. मला वाटलं, समजून घेतेय.

लेखी निवेदन मी एकहाती लिहून काढलं. दोनशे बारा हा आकडा त्यात नऊ ठिकाणी आला होता. शनिवारी संध्याकाळी चहा पिताना ते मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो जमिनीची मोजणी करतो. खाजगी मोजणीदार, खालापूर ते रसायनी पट्ट्यात कुणाचा बांध कुणाच्या शेतात घुसला हे त्याला पाठ. समुद्रातलं त्याला काही कळत नाही, पण त्याने कप खाली ठेवला.

"अगं, टेप कुठनं धरलीस?"

"म्हणजे?"

"बारा किनाऱ्यापासनं धरलेस. दोनशे कुठनं धरलेस? बारा संपल्यावर? आमी मोजणीला एक मूळ रेषा आखतो आणि सगळी मापं त्या रेषेवरनंच धरतो. दरवेळी नव्या जागेवरनं टेप धरली तर शेत वाढत जाईल ना गं."

मी त्याला सांगितलं की समुद्र म्हणजे भातखाचर नव्हे. सांगताना आवाजही चढला. मग रागारागाने समुद्राच्या कायद्याचा आंतरराष्ट्रीय करार उघडला, आणि तिथे शांतपणे लिहिलेलं होतं: दोनशे सागरी मैल, ज्या आधाररेषेवरून प्रादेशिक समुद्र मोजतात त्याच आधाररेषेवरून. बारा त्या दोनशेच्या पोटातच. आमच्याकडे एकाची हद्द संपते तिथून दुसऱ्याची सुरू होते, आणि मी समुद्रातही एकाला लागून एक शेतं आखून ठेवली होती. जहाज आमच्या क्षेत्राच्या पाच मैल बाहेर, खुल्या समुद्रात. तिथे मासेमारीसाठी दुसऱ्या देशाचं जहाज आपण पकडूच शकत नाही. म्हणजे आमचा पक्षकार सरळसरळ चोर ठरत होता.

नवऱ्याने फक्त माझ्या कपात अर्धा कप चहा ओतला, हे जास्त लागलं.

रविवारी सकाळी मी टमटमने वाडीच्या फाट्यापर्यंत गेले आणि पुढे चालत. निवेदन सोमवारी द्यायचं होतं, सुनावणी मंगळवारी. ती नदीवर कपडे धूत होती. मी पलीकडच्या काठावरून दगडांवर पाय ठेवत तिच्याजवळ पोचले, एका मोठ्या काळ्या दगडावर बसले आणि चूक सांगून टाकली.

ती कपडा पिळत म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं?"

"पुस्तकात 'त्याच रेषेपासून' लिवलं हाय. मी वाचलं होतं."

"अगं मग सांगितलं का नाहीस?"

तिने कपडा बादलीत टाकला. "तुमी इतक्या खात्रीनं बोलत होत्या ताई. मधी शिरायला जागाच नव्हती."

मला लाज वाटली. खरोखरची, कानापर्यंत पोचणारी. मी हिला बोलतं करायला निघाले होते आणि तिच्या वाटचं सगळं मीच बोलून टाकलं होतं. मी तसं म्हणाले. ती हसली आणि म्हणाली, "आता उठा. पाणी येईल."

वर वीजघर चालू झालं की पेजेचं पाणी चढतं, बंद झालं की उतरतं. उन्हाळा असो की हिवाळा. मी काठावर पोचेपर्यंत माझ्या बसायच्या दगडाच्या कडेला पाणी लागलं होतं, आणि थोड्या वेळाने तो दगडच दिसेना. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग ओल्या हातांनीच तिने माझ्या पिशवीतून खटल्याचे आणि कराराचे कागद काढले.

"ताई, ह्या नकाशात वाळूची पट्टी हाय. किनाऱ्यापासून आठ मैलांवर. भरतीला बुडते, ओहोटीला उघडी पडते असं लिवलंय."

ती पट्टी मीही पाहिली होती. बुडते ती कसली जमीन, म्हणून सोडून दिली होती.

"पाणी चढलं म्हणून तो दगड गेला का?" ती म्हणाली. "आमी नदी ओलांडायची वाट पाणी उतरल्यावरच्या दगडांवरनं धरतो. समुद्राची रेघपण उतरल्या पाण्यावरनंच धरतात ना?"

धरतात. नेहमीची आधाररेषा म्हणजे ओहोटीची रेषा. आणि आम्ही तिथेच, भिजलेल्या कागदावर नाकं टेकवून, ते कलम शोधलं: ओहोटीला उघडी पडणारी जमीन किनाऱ्यापासून प्रादेशिक समुद्राच्या रुंदीच्या आत असेल तर तिची ओहोटीची रेषा आधाररेषा म्हणून धरता येते. पट्टी आठ मैलांवर, म्हणजे बाराच्या आत. जहाज बरोबर त्याच दिशेला. दोनशे पाचातून आठ गेले, एकशे सत्त्याण्णव. तीन मैल आत.

मी उठून नाचायचीच बाकी होते. पण म्हणाले फक्त एवढंच, की हा भाग तू मांडायचास. तिने होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. निवेदन मात्र त्या दिवशी तिने सांगितलं आणि मी लिहिलं.

मंगळवारी समोर दोघे न्यायाधीश. एक आमचे सर, दुसरे पाहुणे: व्यापारी जहाजांवर वर्षानुवर्षं कप्तान असलेले आणि आता कर्जतजवळ चिकूची बाग करणारे गृहस्थ. मी सुरुवातीचा भाग मांडला, परवाना नसलेल्या मासेमारीबद्दलचे हक्क वगैरे. मग विरुद्ध बाजूचा मुलगा उठला आणि ठासून म्हणाला की दोनशे पाच म्हणजे खुला समुद्र, विषय संपला.

आता तिची पाळी. ती उभी राहिली. टेबलाकडे पाहिलं. गेल्या वर्षीसारखंच. माझ्या तोंडात संपूर्ण युक्तिवाद तयार. दोन्ही ओठ दाताखाली धरून मी बसून राहिले. बसून राहणं हे मला आयुष्यात एवढं अवघड कधीच गेलं नव्हतं.

मग ती बोलली. आधी हळू, नंतर ऐकू येईल इतकं. पट्टी, ओहोटी, आठ मैल, एकशे सत्त्याण्णव.

कप्तान पुढे झुकले. "आणि ती पट्टी पंधरा मैलांवर असती तर?"

हा प्रश्न आम्ही तयारच केला नव्हता. मी खुर्चीवरून अर्धी उठले. तिने माझ्याकडे न पाहता, टेबलाखालून, तळहात दाखवला: बसा.

"तर आमी हरलो असतो, सर," ती म्हणाली. "बाराच्या बाहेर सगळी पट्टी असती तर तिच्यावरनं रेघ धरता आली नसती. तिचा सोताचा प्रादेशिक समुद्रपण नसतो."

कप्तानांनी चष्मा काढला. "समुद्र पाहिलाय कधी?"

"नाय सर. पण पाणी उतरताना रोज बघते."

ते हसले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. निकाल त्यांनी आमच्या बाजूने दिला, पण त्याहून मला आठवतं ते गुणपत्रक. तिला माझ्यापेक्षा सहा गुण जास्त होते. शेऱ्याच्या रकान्यात तिच्यासाठी काहीच लिहिलेलं नव्हतं. माझ्या नावापुढे कप्तानांनी लिहिलं होतं: सहकाऱ्याला बोलू दिले, चांगले.

घरी मी तो कागद नवऱ्याला दाखवला. त्याने दोनदा वाचला आणि विचारलं, हे नक्की तुझंच गुणपत्रक आहे का.