गोदावरीबाईंचा सत्ताविसावा दाणा

नत्थुजी वानखडे माझ्या अमरावतीच्या कचेरीत अठरा वर्षे कारकून होते. मी वकील, म्हणजे बोलून पोट भरणारा. ते दिवसाला दहा वाक्येही बोलत नसत. मूळचे नांदगाव खंडेश्वरचे. मानमोडीच्या साथीत बायको आणि तान्ही पोर एकाच आठवड्यात गेली, तेव्हापासून एका खोलीत एकटेच. एवढे मला ठाऊक होते, आणि एवढे पुरे आहे असे मी धरून चाललो होतो.

शेंदूरजनाघाटच्या गोदावरीबाई आमच्याकडे आल्या त्या वर्षीची ही गोष्ट. विधवा, मूलबाळ नाही, गावी संत्र्याचा मळा आणि अमरावतीत मोठे घर. दोन्ही धर्मादाय ट्रस्टला द्यायचे होते. ट्रस्टने काय काय करावे ते त्यांनी नत्थुजींना तोंडी सांगितले. एकूण सत्तावीस हेतू, आणि क्रम असा की चौथ्यात विहिरीची दुरुस्ती, पाचव्यात मुलींना पाट्या आणि बाविसाव्यात पुन्हा त्याच विहिरीला दोर-बादली!

"यादी आवरा," मी म्हणालो. "विद्या, औषध, अन्नपाणी, देवधर्म, अशा चार गाठोड्यांत बांधा."

नत्थुजींनी प्रत्येक हेतूची वेगळी चिठ्ठी केली, कोपऱ्यात तांबड्या शाईने मूळ आकडा घातला आणि चिठ्ठ्या जमखान्यावर मांडल्या. चौथी आणि बाविसावी जोडून त्यांनी एक कलम केले, पण त्यात दुरुस्तीही ठेवली आणि दोर-बादलीही ठेवली. अकराव्यात नुसते 'धर्म करावा' होते. तेवढ्यावर कोर्ट हेतू मोघम ठरवून रद्द करते, म्हणून बाईंना विचारून तिथे 'मारुतीला रोज दिवा' लिहिले. शेवटी 'वगैरे' टाकावे असे मी सुचवले, तर म्हणाले, "सायेब, वगैरेत काय पडलं ते मंग कोनाले दिसते?"

अडले ते एकोणिसाव्यावर. सहावा हेतू होता सणाला गरिबांना जेवण. एकोणिसावा, 'ज्याच्या घरी ताटाले ताट नाही त्याले सनाले आवतन.' मी दोन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या आणि मजकूर सांगितला, 'सणावारी अन्नदान करणे.'

"येच्यात एक सुटते," नत्थुजी म्हणाले.

"काय सुटते? दोन्हीकडे जेवणच!"

त्यांनी मी सांगितले तसे लिहून घेतले.

आठवड्याने बाई मसुदा ऐकायला आल्या. दस्त एकदा नोंदला की नवा हेतू घालणे सोपे नसते, म्हणून मी शब्दन् शब्द वाचून दाखवायला सांगितले. बाईंना वाचता येत नव्हते. त्यांनी पदराची गाठ सोडून तुरीचे सत्तावीस दाणे मुठीत घेतले. नत्थुजी वाचू लागले. प्रत्येक इच्छेला एक दाणा ताटलीत पडे. विहिरीच्या कलमाला दोन पडले, आणि मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. वाचन संपले. मुठीत एक दाणा उरला.

"हा कोनाचा राह्यला?" बाईंनी विचारले.

मी समजावले की सहावा आणि एकोणिसावा एकच.

"एक कसे, वकीलसायेब? गरीब पोट भराले येते. हा तं घरी शिजवते, पोटभर खाते, पन समोर कोनी नाही. त्याले दान काहून देता? त्याले दारात जाऊन बलवा लागते." मग सहज नत्थुजींकडे वळून म्हणाल्या, "तुमी सांगा भाऊ, एकट्यानं पुरनपोळी गोड लागते का?"

नत्थुजींनी कागद खाली ठेवला. "मी करतच नाही, माय," ते म्हणाले. "सनाले बी भाकरच टाकतो."

अठरा पोळे, अठरा दिवाळ्या हा माणूस माझ्यासमोरून त्या खोलीकडे चालत गेला होता. माझे घर कचेरीच्या मागेच. सोवळ्याची सबब सांगता येईल. खरे तर मला कधी सुचलेच नाही. मला स्वतःची लाज वाटली.

ते कलम मी स्वतः लिहिले, मोघम राहू नये असे: 'अमरावती शहरात एकट्या राहणाऱ्या माणसास, जातपात वा ऐपत न पाहता, सणाच्या दिवशी त्याच्या दारी जाऊन आवतण देणे व पंक्तीस बसवणे.' नत्थुजींनी ते पुन्हा वाचले. बाईंनी दाणा टाकला.

आषाढात दस्त नोंदला गेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी धीर करून म्हणालो, "नत्थुजी, उद्या आमच्याकडे जेवायला या."

ते उठून उभे राहिले. अंगात नवा सदरा होता, हे मला तेव्हा दिसले.

"नाही जमत, सायेब," हात जोडून ते म्हणाले. "उद्या मले आवतन हाये."