दुसऱ्या बाईचं अक्षर

"माणूस खोटं बोलेल, पण त्याचा खांदा खोटं बोलणार नाही," असं मास्तर एकदा म्हणाले होते. समोर कोटाचं माप द्यायला एक नवरदेव उभा होता आणि आपण किती खूश आहोत ते दुकानभर सांगत होता. मास्तरांनी टेप गळ्यात टाकली, त्याच्या पाठीमागून एक चक्कर मारली आणि आपल्या बायकोच्या कानाशी येऊन हे वाक्य टाकलं. ते लग्न मोडलं. कोट मात्र झकास बसला होता.

बायको म्हणजे काकू. दुकानात येणारा जाणारा तिला काकूच म्हणायचा, आपणही तेच म्हणू. मास्तर कापायचे, काकू काजं करायची. तीस वर्षं एकाच दिव्याखाली दोघांनी माना खाली घालून काम केलं. मास्तर खडूने कापडावर रेघ ओढायचे ती एका श्वासात. अख्खा कोट त्यांच्या डोक्यात आधी उलगडलेला असायचा: बाही कुठे, कॉलर कुठे, उरलेल्या तुकड्यातून खिशाचं झाकण कुठून निघेल. कागदावर कधी काही मांडलं नाही.

मग उजवा हात थरथरायला लागला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत राहायची, जणू न दिसणारा दोरा वळतायत. अंग ताठलं, पाऊल आखूड झालं, चेहऱ्यावरचं येणं-जाणं थांबलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी हात बराच शांत झाला. तरी मास्तर कापडासमोर उभे राहिले की उभेच राहायचे. कात्री हातात, कापड टेबलावर, आणि पहिलं काय न् दुसरं काय याची साखळीच जुळायची नाही. कोणी मध्येच भाव विचारला की हातातलं कामही सुटायचं. शेवटी दुकान जुन्या कारागिराकडे सोपवलं.

दर मंगळवारी इस्पितळाच्या मागच्या हॉलमध्ये या आजाराच्या लोकांचा व्यायाम असे. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या, त्या ओलांडत लांब पावलं टाकायची. छातीतून मोठा आवाज काढायचा. दुरेघी वहीत मोठं अक्षर गिरवायचं, कारण या आजारात अक्षर मुंगीएवढं होत जातं. घरची माणसं भिंतीकडेच्या बाकांवर बसत. काकू गोळ्यांची डबी आणि पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसायची, आणि तिथूनच तिला ती बाई दिसली.

ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. सगळे तिला ऑपरेटरबाई म्हणत. तिचाही हात हलायचा, पण तोंड त्याच्याहून जास्त. आणि मास्तर तिच्याशी बोलत. घरी विचारलं, भाजी बरी झालीय का, तर "हं". मुलीचा फोन आला तर "हं". इथे मात्र मान खाली घालून, बारीक आवाजात, सलग बोलत होते. काकूने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. अकरा मिनिटं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तरी आपल्याशी सलग अकरा मिनिटं बोलले होते का, हे ती आठवत बसली.

तिने नणंदेपाशी मन मोकळं केलं. नणंद म्हणाली, "या वयात दादाला कोण पळवणार गं? पळवायला आधी त्याला पळता तरी यायला हवं."

काकू हसली. पण पोटातली आग हसण्याने विझत नाही. त्या रात्री जेवताना तिने सहज विचारावं तसं विचारलं, "त्या बाई काय म्हणत होत्या?"

"काही नाही."

"अकरा मिनिटं काही नाही?"

मास्तरांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचलला, प्यायले, खाली ठेवला. चेहरा धुतलेल्या पाटीसारखा. त्या कोऱ्या चेहऱ्यावर काकूने आपल्याला ज्याची भीती वाटत होती तेच वाचलं: यांना आपला कंटाळा आलाय.

दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे जायच्या आधी एक छापील कागद भरावा लागे. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, कशात मन लागत नाही असं झालं का, झोप, भूक, असे प्रश्न, आणि पुढे चार चौकटी: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. मास्तरांचं अक्षर कोणाला लागत नसे म्हणून कागद काकूच भरायची. झोपेसमोर 'काही दिवस', ते आजारामुळे. भूक कमी, तीही आजारामुळे. उदास? 'अजिबात नाही.' ही खूण ती जरा दाबूनच करायची. माझ्या घरात, माझ्या हातचं खाऊन माणूस उदास? लोक काय म्हणतील. मास्तर शेजारी बसून बघत. "बरोबर ना हो?" ती विचारी. ते म्हणत, "हं." डॉक्टर कागदावरून नजर फिरवत, बोटं आपटून दाखवायला सांगत, दारापर्यंत चालायला लावत, गोळी अर्धी वाढवत. बाहेर वीस माणसं खोळंबलेली असत.

पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी काकूने मास्तरांचा कोट ब्रश करायला घेतला. आतल्या खिशात कागद लागला. तोच छापील कागद, पण वर मास्तरांचं नाव दुसऱ्याच अक्षरात. गोल, ठसठशीत, दुरेघीत गिरवल्यासारखं. पेनाच्या रेघेला बारीक कंप.

आधी तिला फक्त अक्षर दिसलं. माझं काम हिने केलं. माझ्या नवऱ्याचं नाव हिने लिहिलं. मग खुणा दिसल्या. उदास: जवळजवळ रोज. मन लागत नाही: जवळजवळ रोज. आपण घरच्यांवर ओझं आहोत: जवळजवळ रोज. आपण नसतो तर बरं झालं असतं: काही दिवस.

काकू कोट मांडीवर घेऊन तशीच बसली. मग पायात चपला घातल्या, नणंदेला मास्तरांपाशी बसवलं आणि ऑपरेटरबाईचं घर गाठलं.

दार उघडायला ऑपरेटरबाईला वेळ लागला. काकूने उंबऱ्यावरूनच कागद पुढे केला. "हे तुमचं ना?"

"अक्षर माझं. उत्तरं त्यांची. आत या वहिनी, उभ्याने भांडलात तर मी पडेन."

काकू आत गेली, पण बसली नाही. "माझ्या नवऱ्याच्या मनात काय आहे ते तुम्ही मला सांगणार?"

"नाही. मी फक्त विचारलं, आणि गप्प बसले. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडले मी. पलीकडचा बोलेपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही, ही सवय आहे. या आजारात उत्तर यायला वेळ लागतो. तेवढ्यात घरची माणसं उत्तर देऊन मोकळी होतात." ती हळूच खुर्चीत बसली. "माझंही तेच झालं. वर्षभर डॉक्टर हाताच्या गोळ्या वाढवत होते. मुलगी म्हणायची, आई आळशी झालीस. चेहरा हलत नाही, आवाज निघत नाही, झोप नाही, सगळं आजाराच्या खात्यात. रडायलासुद्धा चेहरा लागतो हो. शेवटी एका नर्सने विचारलं. मनासाठी वेगळं औषध सुरू झालं, कोणाशी तरी बोलायला लागले. हात अजून हलतो. पण सकाळी उठावंसं वाटतं."

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी? तुम्हाला का?"

"कारण मी कोणी नाही. मी ऐकून मोडणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. हा कागद डॉक्टरांना द्या म्हटलं, तर म्हणाले, आमच्या घरचा कागद ती भरते. तिचं मन मोडेल."

काकूने कागदाची घडी घातली. राग गेला नव्हता, फक्त त्याला आता धरायला जागाच उरली नव्हती. निघताना ती एवढंच म्हणाली, "अक्षर चांगलं आहे तुमचं."

"रोज एक पान गिरवते. जळू नका, तुम्हीही बसा गिरवायला."

दुसऱ्या दिवशी इस्पितळात काकूच्या पिशवीत दोन कागद होते. एक तिने आठवड्यापूर्वीच भरून ठेवलेला, दुसरा ऑपरेटरबाईचा. आपला द्यावा तर मास्तर पुन्हा सहा महिने तसेच राहणार, आणि सहा महिन्यांत त्या शेवटच्या प्रश्नापुढच्या खुणेचं काय होईल, हे तिला मनातही पुरं म्हणवेना. दुसरा द्यावा तर डॉक्टरांच्या फाइलमध्ये कायमचं त्या बाईचं अक्षर. आपल्याच जळण्याची तिला लाज वाटली, पण ते खोटं नव्हतं.

ती उठली, नर्सकडून कोरा छापील कागद आणला, पुठ्ठ्यावर लावला आणि पेन मास्तरांच्या बोटांत दिलं.

"तुम्ही भरा."

"माझं अक्षर..."

"खुणाच करायच्यात. मी तिकडे बघते."

ती खरंच भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याकडे बघत बसली. शेजारी पेन कागदावर टेकायचं, थांबायचं, पुन्हा टेकायचं. उत्तर किती वेळा तिच्या ओठांपर्यंत आलं, तिने गिळलं. त्यांचा नंबर पुकारला. काकू म्हणाली, "पुढच्यांना सोडा. आम्हाला वेळ आहे."

डॉक्टरांनी कागद घेतला, आणि नजर फिरवता फिरवता थांबले. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मास्तर, हे असं कधीपासून वाटतंय?"

काकूचं तोंड उघडलं. तिने पदर दातांत धरला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत राहिला. डॉक्टरही गप्प राहिले.

"हाताच्या आधीपासून," मास्तर म्हणाले. "दोन वर्षं आधी. पत्त्यांचा अड्डा सोडला तेव्हापासून."

काकूला तो अड्डा आठवला. बरं झालं सुटला, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

डॉक्टरांनी शेवटच्या प्रश्नाबद्दल सरळ विचारलं: स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का, तसं काही ठरवलंय का? मास्तरांनी मान हलवली. "नाही. फक्त दमलोय."

"तसं मनात आलं, तर त्याच क्षणी काकूंना सांगायचं, नाहीतर इथे फोन करायचा. कबूल?"

"हं," मास्तर म्हणाले. मग थोड्या वेळाने, "कबूल."

डॉक्टर काकूकडे वळले. "हा रुसवा नाही, आणि तुमच्यात काही कमी पडलं असंही नाही. जो आजार हात हलवतो, तोच मेंदूतली मन सांभाळणारी रसायनंही बिघडवतो. कधीकधी हाताच्याही आधी. चेहरा बघून कळत नाही. काहींचा चेहरा असा असूनही मन ठीक असतं. म्हणून विचारावंच लागतं. मीही बोटंच बघत राहिलो."

"आणि कापड कापताना विसरायला होतं ते?" काकूने विचारलं.

"थोडं आजाराचं, थोडं उदासपणाचंही असू शकतं. आधी हे सावरू, मग विचारांची वेगळी तपासणी करू. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतील. पुढच्या मंगळवारी पुन्हा या. आणि आज समोरच्या खोलीत समुपदेशक बाई आहेत, त्यांच्याशी बोलून घ्या."

काकूने पिशवी उचलली, डबी, बाटली तपासली.

"ते एकटेच जातील," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे आणखी एक बाई. दार लावून, अकरा मिनिटांहून जास्त. काकूने पिशवी पुन्हा मांडीवर ठेवली. दोन्ही घडी घातलेले कागद आतच होते.

मास्तर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. कोट खांद्यांवर ढगळ झाला होता, उजव्या बाजूला जास्तच; हे तिला इतके दिवस कसं दिसलं नव्हतं. दारातल्या पट्टीपाशी पाऊल अडलं. मग त्यांनी ते उचललं, लांब टाकलं आणि समोरच्या खोलीकडे निघाले.