कोरड्या रस्त्यावरचं पाणी

पंचफुलाबाईच्या तोंडाला कोणी लागत नसे. हिंगोलीच्या बाजारपेठेत किशनरावांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत ही बाई काम करायची. नवरा तिथंच फोटो धुवायचा. तो वारल्यावर त्याची जागा तिनं घेतली, आणि हळूहळू किशनरावांना बाहेर फक्त 'हसा' म्हणायचं काम उरलं. नवरीच्या गालावरचे देवीचे वण निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून बुजवावेत ते पंचफुलानंच. कुणी म्हणालं, "बाई, नाक जरा सरळ करा," की आतून आवाज यायचा, "देवानं केलं न्हाई ते म्या काहून करू?" पण करायची.

त्र्याहत्तरचा मृग लागला आणि कोरडाच चालला. आदल्या सालचा दुष्काळ अजून उरावर बसलेला. विहिरींचे तळ दिसत होते, लोक रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढत होते. पंचफुलाची धाकटी बहीण चांगुणा साखऱ्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायची. मजुरी मिळायची, वर लेकरांना खायला सुकडी. त्यावरच तिची चूल पेटत होती.

अशात किशनरावांनी एक निगेटिव्ह पुढं केली. दिवेलागणीला कॅमेरा तिकाटण्याच्या तीन पायांवर ठेवून काढलेला बाजाररस्ता होता तो. डाव्या हाताला चहाचं हॉटेल, त्याच्या दारावर झगझगीत दिवा. उजवीकडं कापडाचं दुकान, बंद, अंधारं. मधला डांबरी रस्ता धुळीनं राखेसारखा पडलेला.

"कॅलेंडरसाठी पाहिजे. रस्ता ओला करून दे," ते म्हणाले.

"नळाला पाणी न्हाई आन् फोटोत पाऊस पाहिजे तुमाले!"

बडबडली, पण हाताला खाज होतीच. असलं काम रोज कुठं येतं? तिनं रस्त्याच्या कडेबरहुकूम पुठ्ठा कापला. आधी रस्ता झाकून वरची दुकानं कागदावर छापली. मग निगेटिव्ह काढली, पालथी केली आणि खालचा भाग वर करून परत बसवली. आता दुकानं झाकली आणि रस्त्याच्या जागी तीच दुकानं डोकं खाली करून उतरवली, फोकस जरा ढिला ठेवून, कारण डांबरावरचं पाणी काही आरसा नसतं. कागदाला जितका उजेड तितका तो काळा, म्हणून रस्त्याला उजेड जास्तीचा दिला, तो काळाभोर झाला. कागद धुऊन झाल्यावर कापसाच्या बोळ्यानं फेरीसायनाइड, म्हणजे काळं उडवणारं औषध, घेऊन दिव्याच्या बरोबर खाली, पाहणाऱ्याच्या दिशेनं, एक लांब पट्टा उजळला आणि लगेच पाण्याखाली धरला, नाहीतर पट्टा पसरतो. मग फोटो पक्का करणाऱ्या हायपोत पुन्हा टाकला. कागद उजेडात आणला तेव्हा तिचं तिलाच वाटलं, चप्पल हातात घ्यावी. रस्ता ओलाचिंब झाला होता!

कॅलेंडर काही निघालं नाही. फोटो निघाला परभणीच्या एका साप्ताहिकात. खाली छापलेलं: 'हिंगोलीत दमदार पाऊस.'

पेपर घेऊन चांगुणाच आली, साखऱ्याहून पायी. "ताई, मुकादम म्हणून राहिला, पाऊस झाला, आता काम बंद होणार. शेतावर जा म्हणतो."

"कोणाच्या शेतावर?"

"उकंडरावच्या."

तेव्हा पंचफुलाच्या डोक्यात उजेड पडला. उकंडराव साखऱ्याकडचा बागायतदार. त्याच्या विहिरीला दुष्काळातही पाणी होतं, नव्हत्या त्या मजूर बाया. सरकारी कामावर मजुरी मिळताना त्याच्या उसात पडेल त्या भावानं कोण राबणार? किशनरावांचा तो जिगरी दोस्त. कॅलेंडर कसलं आणि काय कसलं! तिच्याच हातानं तिच्या बहिणीच्या चुलीत पाणी ओतून घेतलं होतं या लोकांनी. माणसानं माणसाला लुटावं, पण त्याच्याच कसबानं त्याला लुटावं याला काय म्हणायचं?

दुसऱ्याच दिवशी किशनराव लग्नाचे फोटो काढायला आखाडा बाळापूरला निघाले. निघता निघता म्हणाले, "त्या फोटोची मोठी कॉपी कर. परभणीचे साहेब साखऱ्याचं काम पाहायला येणार आहेत. उकंडरावाचा गडी येईल न्यायला."

पंचफुला एकदाच "व्हय" म्हणाली. तिच्या तोंडून एकच शब्द निघाला यावरून किशनरावांनी सावध व्हायला हवं होतं.

तिनं मोठी कॉपी केली. दिव्याचा पट्टा आणखी झळाळता, डांबर आणखी काळं. गडी गुंडाळी घेऊन गेला, आणि ही खोलीला कडी घालून साखऱ्याची वाट चालू लागली.

साहेबांची जीप जिंतूरकडून थेट कामावर आली. वाटेत हिंगोली लागलीच नाही, तिथला कोरडा रस्ता त्यांनी पाहिला नव्हता. खडीच्या ढिगांपाशी बाया जमल्या आणि सांगू लागल्या, साहेब, थेंब न्हाई पडला, ना इथं ना हिंगोलीत. उकंडराव हसला. "मजुरीसाठी खोटं बोलतात ह्या. आभाळ फिरलंय, पाऊस लागलाय. हे बघा, हिंगोलीचा फोटो." साहेबांनी तो हातात धरला आणि मान डोलावली. इतक्या बायांचं तोंड एका कागदानं बंद केलं!

"साहेब, तो फोटो म्या केलाय," पंचफुला गर्दीतून पुढं आली. "पाऊस पण म्याच पाडलाय."

"कोण ही बाई?" उकंडराव गरजला.

"तुमच्या दोस्ताच्या स्टुडिओतली. साहेब, हॉटेलचा दिवा कोण्या बाजूला हाय?"

"डावीकडे."

"आन् पाण्यात कोण्या बाजूला पडला?"

साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. दिवा डावीकडं होता आणि पाण्यातला त्याचा झळाळता पट्टा उजवीकडं, बंद दुकानाखाली. चांगुणानं मुकादमाची लाल झेंडी उपसली आणि पिण्याच्या पाण्याच्या रांजणावर, डाव्या काठाला धरली. पाण्यात लाल रंग डाव्या काठालाच उतरला. बाया हसू लागल्या. रोज विहिरीत डोकावणाऱ्यांना हे काय सांगायचं?

साहेब हसले नाहीत. त्यांनी फोटो उकंडरावाच्या हातात परत दिला आणि मुकादमाला सांगितलं, काम चालू राहील. उकंडराव पंचफुलाकडं बघून थुंकला. तिनंही हिशेब बाकी ठेवला नाही.

किशनराव बाळापूरहून आले ते तडक आतल्या खोलीत. उकंडरावानं तोंडावर फेकलेला फोटो हातात होता.

"निगेटिव्ह पालथी न करता नुसतीच फिरवलीस. नवशिक्याची चूक! तू?"

"चूक न्हाई. मुद्दाम केलं."

"माझं नाव मातीत घातलंस. करायचं नव्हतं तर सरळ नाही म्हणायचं होतं."

"म्या न्हाई म्हटलं असतं," पंचफुला पदर खोचत म्हणाली, "तर तुमी केलं असतं. बराबर केलं असतं."

किशनरावांनी फोटो टेबलावर आपटला. मग म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस.

साखऱ्याच्या हजेरीपटावर चांगुणाच्या खाली आणखी एक नाव चढलं. पेन्सिलीला सरावलेल्या बोटांना हातोडा पेलेना, पहिल्याच दिवशी फोड आले. चांगुणा म्हणाली, "ताई, लई तकलीफ होऊन राहिली का?"

"गप. खडी फोड," पंचफुला म्हणाली, आणि पुढचा दगड समोर ओढला.