बाईंचा आवाज आणि एकच छिद्र

मी ज्यांचा सगळ्यात जास्त ऋणी आहे, त्या माझ्या पहिलीच्या बाई. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. कॉलेजचा अर्ज बाईंनी भरला, आमगावच्या स्टेशनवर मला गाडीत बसवायलाही त्याच आल्या.

मागच्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशननंतर आवाज राहील याची खात्री नाही. तोवर दिवसातून तासभरच बोला. बाईंनी मला निरोप धाडला. मुलांना सांगायच्या चार गोष्टी त्यांना आवाजात ठेवायच्या होत्या. चौथी त्यांच्या आईची, पोवारी बोलीतली, कुठेच लिहिलेली नव्हती.

मी कॉलरला लावायचा माइक घेतला, त्याची पिन थेट फोनच्या चार्जिंगच्या छिद्रात बसते. पहिल्याच दिवशी फोनला तो दिसेना. बाहेरची वस्तू फोनला जोडायची तर सेटिंगमध्ये ओटीजी नावाचं बटण असतं, ते सुरू करावं लागतं, आणि माझ्या फोनमध्ये काही वेळ काही जोडलेलं नसलं की ते आपोआप बंद होतं. हे शोधण्यात बाईंची दहा मिनिटं गेली.

चौथी गोष्ट बाई ऑपरेशनसाठी नागपूरला निघायच्या दिवशी रेकॉर्ड झाली. गाडी संध्याकाळची होती. माइक लावलेला असताना चार्जर लावता येत नव्हता, छिद्र एकच. गोष्ट संपली तेव्हा बॅटरी सहा टक्के होती. फोनमधली जागा भरलेली होती म्हणून मी पेन ड्राइव्ह जोडला आणि चारही फाइली त्यात हलवल्या. कॉपी नाही केल्या, हलवल्या. होस्टेलमध्ये आमच्या सगळ्यांचे फोन कायम भरलेले असायचे, त्यामुळे गाणं असो की सिनेमा, हात ‘कट’वरच जायचा.

पेन ड्राइव्हलाही वीज फोनच पुरवतो. ‘पूर्ण झाले’ असं दिसलं तेव्हा दोन टक्के उरले होते. फोन बंद पडेल या भीतीने मी पेन ड्राइव्ह तसाच उपसला आणि चार्जर खुपसला. आधी फोनवर ‘इजेक्ट’ दाबून तो सोडवायला हवा होता. फोन काम झालं म्हणतो तेव्हाही शेवटचा भाग कधीकधी लिहायचा बाकी असतो, हे मला नंतर कळलं.

थोडं चार्जिंग झाल्यावर पुन्हा जोडून पाहिलं. पडद्यावर आलं, पेन ड्राइव्ह खराब आहे, वापरण्यासाठी फॉरमॅट करा. फोनमध्ये एकही फाइल नव्हती. बोट फॉरमॅटच्या बटणावर गेलं होतं, ते मागे कसं आलं मला आठवत नाही.

एक काम आहे, थेट स्टेशनवर येतो असं बाईंना सांगून मी बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात पळालो.

“फॉरमॅट दाबलं नाही ना, भाऊ?” दुकानदाराने विचारलं.

“नाही.”

“दाबलं असतं तर और मुश्किल झालं असतं. बसा आता. अन् मले घाई करू नका.”

त्याने पेन ड्राइव्ह कंप्युटरला लावून फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. मी स्टुलावर बसून घड्याळ पाहत होतो. दीड तासाने तीन गोष्टी पूर्ण निघाल्या. चौथीची चाळीसपैकी बारा मिनिटं निघाली. पुढचं तिथे लिहिलंच गेलं नव्हतं.

स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडीला अजून पाऊण तास होता. बाई बाकावर शाल घेऊन बसल्या होत्या.

“काऊन इतका घामाघूम होऊन राहिला रे?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “सगळं आलं ना त्यात?”

मी हो म्हणालो.

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला. दोन महिने मी त्यांच्याकडे गेलो नाही, मग हे पत्र पाठवलं.

आदरणीय बाई,

स्टेशनवर मी तुमच्याशी खोटं बोललो. चौथ्या गोष्टीची फक्त बारा मिनिटं माझ्याजवळ आहेत. म्हातारी नदीच्या काठी येऊन थांबते, तिथपर्यंत. पुढचं माझ्या घाईने गेलं. त्या दिवशी गाडीला पाऊण तास होता. मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही उरलेलं तिथेच सांगितलं असतं. तुम्हाला राग येईल या भीतीने मी हो म्हणालो, आणि आता ते तुमच्या आवाजात कधीच मिळणार नाही.

सोबत एक कीबोर्ड आणि छोटी जोडवायर पाठवली आहे. पडद्यावर लिहिताना तुमचं बोट थरथरतं, असं तुमच्या लेकीने सांगितलं. फोनच्या सेटिंगमध्ये ओटीजी सुरू करून मग जोडा. आधी फोन पूर्ण चार्ज करा. म्हातारीचं पुढे काय झालं ते लिहावंसं वाटलं तर लिहा. नाही वाटलं तरी कीबोर्ड तुमचाच आहे.

तुम्ही माफ करावं असं मी मागत नाही. पुढच्या रविवारी येतो. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमचा विद्यार्थी