निळं न होणारं शीर्षक

लग्नानंतर चंदीगडला आले आणि सेक्टर बावीसमधल्या एका क्लासमध्ये वेबसाइट बनवायला शिकू लागले. पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएस फाइलमध्ये रंग बदलून सेव्ह करायचे, पण ब्राउझरमधलं पान ढिम्म! शेवटी मॅडमना विचारलं, “असं का होतं?”

“पहले देखो, फाइल मिल भी रही है?” त्या म्हणाल्या.

फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये होती आणि पानात तिच्यासाठी दिलेल्या लिंकमध्ये त्या फोल्डरचं नावच नव्हतं. ते घातल्यावर पान पिवळं झालं. मी लगेच पिवळ्याचं हिरवं केलं, तरी पिवळंच. ब्राउझर साठवलेली जुनी फाइल दाखवत होता. पान नव्याने लोड करणारं कंट्रोल-एफ फाइव्ह दाबल्यावर हिरवं आलं.

शीर्षकाला निळा रंग दिला होता, ते मात्र काळंच. मग मीच एकेक अक्षर तपासलं. ‘कलर’च्या स्पेलिंगमध्ये शाळेत शिकलेला ‘यू’ होता, सीएसएसला मात्र ‘यू’ नसलेलं अमेरिकन स्पेलिंगच कळतं. तो काढला आणि शीर्षक निळं झालं. मॅडम हसल्या, “अब खुद ढूँढ लिया!”